आपलंच चित्र, पण कुणासाठी?

जर्मनीतल्या ब्रेमेन शहराच्या कलासंग्रहालयात एक लहानसं रेखाचित्र आहे. कमरेपर्यंत उघडा माणूस, खांद्यावर रुळणारे केस. कुशीवर, प्लीहेच्या जागी, पिवळ्या रंगाचा गोल डाग काढलेला आहे आणि तो माणूस त्या डागावर बोट रोखून उभा आहे. वरच्या बाजूला जर्मन भाषेत हातानं लिहिलेला मजकूर आहे. त्याचा मतलब इतकाच, की पिवळा डाग आहे आणि मी बोट दाखवतोय तिथे दुखतं. हा माणूस म्हणजे न्यूरेंबर्गचा चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूरर. परगावच्या एखाद्या वैद्याला पाठवायला त्यानं स्वतःला असं काढलं असावं, असं अभ्यासक मानतात. आज आपण दुखऱ्या जागेचा फोटो डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवतो, त्यातलाच प्रकार.

याच माणसानं १५०० साली रंगवलेलं स्वतःचं चित्र म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक संग्रहालयात आहे. तिथे तो थेट समोर बघतो. मागे काळोख, अंगावर फरची कॉलर असलेला उंची झगा, केसांच्या बटा दोन्ही खांद्यांवर अगदी समसमान उतरलेल्या. पाहणारा क्षणभर गोंधळतो, कारण या पद्धतीनं त्या काळी येशू ख्रिस्ताचा चेहरा रंगवत असत.

माणूस एकच, आरशासमोर बसणंही तेच. पण एका चित्रात तो रोगी आहे आणि दुसऱ्यात जवळजवळ देवाच्या रूपात. यातली ड्यूररची खरी ओळख कोणती, असं विचारलं तर उत्तर सापडत नाही. कुठलं चित्र कुणासाठी काढलं, असं विचारलं की मात्र दोन्ही चित्रं बोलायला लागतात.

‘आत्मचित्र : ओळखीची नोंद’ हा विषय वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना निबंधासाठी दिला जातो. वेगवेगळ्या शतकांतले दोन-तीन चित्रकार घ्यायचे आणि त्यांनी स्वतःला का रंगवलं याची तुलना करायची. अशा निबंधांत एक साचा फार लवकर तयार होतो. ड्यूररनं कौशल्य दाखवायला चित्र काढलं, रेम्ब्रांटनं आत्म्याचा शोध घेतला, फ्रिडा काहलोनं वेदना मांडली. म्हणजे शतकागणिक कलावंत बाहेरून आत-आत जात राहिला. वाचायला हे छान वाटतं. अडचण अशी, की यातलं प्रत्येक वाक्य चेहऱ्याकडे बघून लिहिलेलं असतं, आणि हेतूच्या बाबतीत चेहरा हा चित्रातला सगळ्यात कमी भरवशाचा साक्षीदार आहे. म्हाताऱ्या माणसाचे डोळे दमलेले दिसले म्हणजे तो स्वतःचा हिशेब मांडत होता, हे आपण ठरवतो. तो कदाचित गिऱ्हाईकासाठी काम पुरं करत असेल आणि रात्रभर झोपला नसेल.

भरवशाचा पुरावा चेहऱ्याच्या आसपास असतो. चित्रावर काय लिहिलंय आणि कोणत्या भाषेत, अंगावर कोणते कपडे आहेत, हात काय करताहेत, आणि चित्र कारखान्यातून बाहेर पडून कुणाच्या भिंतीवर गेलं, हे बघावं लागतं. ड्यूररपासूनच हे करून पाहू, कारण त्यानं पुरावा भरपूर ठेवला आहे.

ड्यूररचा जन्म १४७१चा. बाप सोनार, हंगेरीतून येऊन न्यूरेंबर्गला स्थायिक झालेला. तेरा वर्षांचा असताना, १४८४ साली, मुलानं चांदीच्या टोकाच्या लेखणीनं स्वतःला काढलं. हे चित्र आता व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहात आहे. चांदीच्या टोकानं ओढलेली रेघ खोडता येत नाही, चुकली की चुकली. त्या चित्रावर पुढे मोठेपणी ड्यूररनं स्वतःच नोंद केली, की मी लहान असताना आरशात बघून हे काढलं. म्हणजे या पहिल्या चित्राला दोन हेतू चिकटलेले आहेत. पोराचा हेतू हात बसवण्याचा. आणि यशस्वी झालेल्या माणसाचा हेतू असा, की मी तेराव्या वर्षीच कोण होतो ते जगानं पाहावं. एकाच कागदावर दोन वयांचे दोन हेतू असू शकतात, हे निबंधात सहसा कुणी लिहीत नाही.

पुढचं महत्त्वाचं चित्र १४९८चं, ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. ड्यूरर तेव्हा सव्वीस वर्षांचा, नुकताच इटली पाहून आलेला. चित्रात तो खिडकीशेजारी बसलाय आणि खिडकीतून दूर बर्फाळ डोंगर दिसतात. अंगात काळी-पांढरी पट्ट्यांची फॅशनेबल वस्त्रं, डोक्याला तशीच टोपी. आणि हातांत मऊ चामड्याचे मोजे. हे मोजे नीट बघावेत. चित्रकाराचे हात रंगानं माखलेले असायचे. न्यूरेंबर्गमध्ये चित्रकार हा सुतार-सोनारांच्या बरोबरीचा कारागीरच होता. इथे ड्यूररनं कामाचे हातच झाकून टाकलेत. ब्रश नाही, रंगाची पाटी नाही. चित्रातला माणूस उमराव वाटतो आणि तसाच वाटावा अशी योजना आहे. पुढे १५०६ साली व्हेनिसहून त्यानं मित्राला, विद्वान विलिबाल्ड पिर्कहायमरला, लिहिलेल्या पत्रात हीच सल आली आहे: इथे मला सभ्य गृहस्थाचा मान मिळतो, घरी मात्र मी लोकांच्या जिवावर जगणारा. मोज्यांचा अर्थ त्या पत्राशेजारी ठेवला की अंदाज राहत नाही, आधार मिळतो.

१४९८च्या चित्रावरची अक्षरं जर्मन भाषेत आहेत. दोन वर्षांनी रंगवलेल्या म्युनिकच्या चित्रावर ती लॅटिनमध्ये आहेत: न्यूरेंबर्गच्या ड्यूररनं अठ्ठाविसाव्या वर्षी स्वतःला असं रंगवलं. जर्मन भाषा गावातला शिकलेला व्यापारी वाचू शकत होता. लॅटिन वाचणारे म्हणजे पिर्कहायमरसारखे विद्वान, चर्चमधले लोक, दरबारी मंडळी. दोन वर्षांत वाचक बदलला. दुसऱ्या बाजूला १५०० हे साल आणि त्याखाली ड्यूररची ‘ए’ आणि ‘डी’ या अक्षरांची प्रसिद्ध खूण आहे. ती त्याच्या नावाची आद्याक्षरं आहेतच. पण साल लिहिताना ख्रिस्ताच्या नावानं जी दोन अक्षरं घालतात तीही हीच. लॅटिन जाणणाऱ्याला हा दुहेरी अर्थ दिसल्याशिवाय राहिला नसेल.

मग हे स्वतःला देव समजणं होतं का? आजच्या डोळ्यांना ते तसं वाटतं, पण त्या काळच्या धर्मविचारात माणूस ईश्वराच्या प्रतिमेत घडला आहे आणि भाविकानं ख्रिस्तासारखं व्हावं, ही शिकवण सर्वसामान्य होती. त्यात ड्यूररनं आपला मुद्दा मिसळला: देव जग निर्माण करतो, चित्रकारही निर्माण करतो, तेव्हा त्याला हातमजूर समजू नका. १४९८ला मोज्यांनी जे सांगितलं तेच इथे दुसऱ्या, जास्त धाडसी मार्गानं सांगितलंय. गंमत म्हणजे या चित्रात हात उघडा आहे. फरच्या कॉलरवर टेकलेली लांब बोटं चित्राच्या बरोबर मध्यावर, अगदी पुढे आहेत. आधी लपवलेला हात आता अभिमानाची वस्तू झाला.

त्या अक्षरखुणेचा एक व्यवहारी भागही आहे. ड्यूररच्या छापील चित्रांना युरोपभर मागणी होती आणि त्याची खूण उमटवून नकला विकल्या जात. १५१२ साली न्यूरेंबर्गच्या नगरसभेनं अशा एका बाहेरगावच्या विक्रेत्याला ती खूण काढून टाकायला लावली. म्हणजे ड्यूररसाठी ओळख ही मनाच्या तळाशी असलेली गोष्ट असेलही, पण ती बाजारात चोरीला जाणारी आणि सरकारी हुकमानं राखावी लागणारी वस्तूही होती.

आता रेम्ब्रांट. सव्वाशे-दीडशे वर्षांचं अंतर, देश हॉलंड. जन्म १६०६, मृत्यू १६६९. त्याची चाळीसच्या आसपास रंगवलेली आत्मचित्रं आणि तीसच्या आसपास एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं कोरून घेतलेले छाप, आज आपल्याला माहीत आहेत. तारुण्यापासून मरणापर्यंत एकच माणूस आपला चेहरा रंगवत राहिला म्हटल्यावर ती दैनंदिनी होती, असं वाटणं साहजिक आहे. मला स्वतःला ही दैनंदिनीची कल्पना फार आवडायची आणि अजूनही ती सोडवत नाही. पण पुरावा तिच्या बाजूनं जेमतेम उभा राहतो.

सुरुवातीची चित्रं घ्या. १६३०च्या सुमाराची काही एचिंग पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडीच मोठी आहेत. एकात डोळे विस्फारलेले, एकात तोंड उघडून ओरडणारा, एकात हसणारा. हा काही रेम्ब्रांटचा त्या-त्या दिवसाचा मूड नाही. बायबलच्या प्रसंगांत घाबरलेली, संतापलेली माणसं रंगवायची तर भाव कसा बसतो हे कळायला हवं. आणि आरशातला माणूस फुकट मिळतो, सांगू तितका वेळ तोंड वाकडं करून बसतो. शिवाय अशी ‘चेहऱ्यांची’ चित्रं हॉलंडमध्ये विकलीही जात. घेणाऱ्याला तो चेहरा कुणाचा याच्याशी फारसं देणंघेणं नसे.

१६३९ साली रेम्ब्रांटनं ॲमस्टरडॅममध्ये तेरा हजार गिल्डरांना मोठं घर घेतलं. त्याच वर्षी शहरात एक लिलाव झाला आणि त्यात राफाएलनं रंगवलेलं कास्तिल्योनेचं व्यक्तिचित्र, जे आता पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, विकलं गेलं. रेम्ब्रांट तिथे हजर होता. त्यानं चित्राची झटपट नक्कल कागदावर उतरवली आणि बाजूला किंमत टिपली: साडेतीन हजार गिल्डर. एका चित्राला त्याच्या नव्या घराच्या चौथाईपेक्षा जास्त पैसे. ते विकत घेणाऱ्या अल्फोन्सो लोपेझकडे तिशियानचं एक व्यक्तिचित्रही होतं. निळ्या रेशमाची फुगीर बाही कठड्यावर टेकवून बसलेला पुरुष. तो कवी आरिओस्तो आहे, असं तेव्हा समजत.

पुढच्याच वर्षी, १६४० साली, रेम्ब्रांटनं स्वतःला रंगवलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या या चित्रात तो दगडी कठड्यावर हात टेकवून, बाही पुढे करून बसलाय. पवित्रा तिशियानचा, टोपी आणि शांतपणा राफाएलचा. अंगावरचे कपडे शंभर वर्षांपूर्वीच्या धाटणीचे आहेत, ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर १६४०ला असं कुणी फिरत नव्हतं. चित्रकलेतली जाणकार मंडळी हे बघताच ओळखणार, की हा डच माणूस स्वतःला त्या दोन इटालियन उस्तादांच्या रांगेत बसवतोय. इथे हेतूचा पुरावा इतका नेमका आहे, की ‘रेम्ब्रांटनं आपली प्रतिष्ठा दाखवली’ असं मोघम वाक्य लिहिणं म्हणजे वाया घालवणं. लिलाव, टिपलेली किंमत, लोपेझचा संग्रह, बाही, जुने कपडे, एवढ्या पाच गोष्टी ओळीनं मांडल्या की परिच्छेद तयार होतो आणि हेतू वाचकालाच दिसतो.

मग शेवटची चित्रं? १६५६ साली रेम्ब्रांटनं दिवाळं जाहीर केलं, संग्रह विकला गेला, घर गेलं. १६६९ला, मरणाच्या वर्षी, त्रेसष्टाव्या वर्षी रंगवलेलं आत्मचित्र लंडनलाच आहे. सैल पडलेली कातडी, हात एकमेकांत गुंफलेले, नजर सरळ. सगळे निबंध इथे येऊन थांबतात आणि ‘आत्म्याचा आरसा’ हा शब्दप्रयोग करतात. क्ष-किरणांनी या चित्राच्या खालचा थर पाहिला तेव्हा दिसलं, की आधी त्या हातांत ब्रश होता. नंतर रेम्ब्रांटनं तो पुसून हात गुंफले. म्हणजे चित्र दोन टप्प्यांत बनलं: पहिल्यात ‘मी चित्रकार’ हे साधनासकट सांगितलं होतं, दुसऱ्यात साधन काढून टाकलं. हा बदल खरा आहे, मोजता-दाखवता येतो. त्याचं कारण काय, इथे मात्र निबंधकारानं आपला अर्थ हा आपला म्हणूनच मांडावा. माझ्या मते ब्रश काढल्यामुळे चित्र धंद्याच्या पाटीपासून दूर गेलं.

पण धंदा संपला नव्हता. रेम्ब्रांटची आत्मचित्रं घेणारे लोक होते. त्याचं एक तरुणपणीचं आत्मचित्र इंग्लंडच्या चार्ल्स राजाच्या संग्रहात १६३९च्या आत पोचलेलं होतं. फ्लॉरेन्समध्ये कार्डिनल लेओपोल्दो दे मेदिची १६६०च्या दशकात निव्वळ चित्रकारांच्या आत्मचित्रांचा संग्रह जमवू लागला. आज तो उफ्फित्सी संग्रहालयाचा भाग आहे. अशा गिऱ्हाइकाला एका खर्चात दोन गोष्टी मिळत: प्रसिद्ध माणसाचा चेहरा, आणि त्याच प्रसिद्ध हाताचं काम. डच अभ्यासक एर्न्स्ट व्हान दे वेटरिंग यांनी हाच मुद्दा नेटानं मांडला आणि दैनंदिनीच्या कल्पनेला धक्का दिला. पैशासाठी काढलेलं चित्र मनापासूनचं नसतं, हा आपला समज या ठिकाणी आडवा येतो. सतराव्या शतकातल्या चित्रकाराला या दोन गोष्टींत भांडण दिसलंच नसतं.

रेम्ब्रांटबाबत आणखी एक खड्डा आहे आणि त्यात मोठमोठी संग्रहालयंही पडली. गळ्यापाशी लोखंडी चिलखती पट्टा घातलेलं, १६२९च्या सुमाराचं त्याचं एक आत्मचित्र हेगच्या मॉरिट्सहाउसमध्ये आहे, आणि जवळजवळ तसंच दुसरं न्यूरेंबर्गला. बराच काळ हेगचं अस्सल आणि न्यूरेंबर्गचं नक्कल, असं मानत. १९९०च्या दशकात अवरक्त किरणांच्या तपासणीत हेगच्या चित्राखाली काळजीपूर्वक काढलेलं रेखाटन सापडलं. रेम्ब्रांट असं रेखाटन करून मग रंग भरत नसे. नक्कल करणारा करतो. निकाल उलटा लागला. शिष्यांनी शिकण्यासाठी गुरूच्या आत्मचित्राच्या नकला करणं तेव्हा नेहमीचं होतं. त्यामुळे जुन्या पुस्तकातला किंवा नेटवरचा फोटो उचलून त्या चेहऱ्यातल्या ‘तरुण अस्वस्थतेबद्दल’ पानभर लिहिलं, तर ते पान शिष्याच्या अस्वस्थतेबद्दल ठरायचा धोका असतो. चित्र ज्या संग्रहालयात आहे त्याच्या संकेतस्थळावरची आजची नोंद आधी वाचावी.

आरशाचाही हिशेब ठेवावा लागतो. आरशात उजव्या हाताचा चित्रकार डावखुरा दिसतो. लंडनच्या केनवुड हाउसमधल्या, १६६५च्या सुमाराच्या रेम्ब्रांटच्या आत्मचित्रात क्ष-किरणांना दिसलं, की त्यानं आधी ब्रश आरशात दिसला तसाच ‘चुकीच्या’ हातात रंगवला होता आणि नंतर बाजू बदलली. व्हॅन गॉगनं ती बदलली नाही. १८८८च्या डिसेंबरात त्यानं डावा कान कापून घेतला. पुढच्या महिन्यात रंगवलेल्या, आता लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात असलेल्या चित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते. बिचाऱ्यानं जसं दिसलं तसं रंगवलं, एवढंच.

व्हॅन गॉगबद्दल मी इथे थोडक्यात आटपतो, कारण त्याच्या बाबतीत हेतू त्यानं स्वतःच पत्रांत सांगून ठेवलाय आणि तो ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. त्याची पस्तीसच्या वर आत्मचित्रं आहेत आणि त्यांतली बहुतेक १८८६ ते १८८८ या पॅरिसच्या दोन वर्षांतली. मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं चांगला आरसा विकत घेतला आणि स्वतःलाच बसवलं. स्वतःच्या डोक्याचे रंग जमले तर इतरांचेही जमतील, असा सरळ हिशेब. काही आत्मचित्रं तर त्यानं जुन्या शेतकऱ्यांच्या चित्रांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर काढली, कॅनव्हास वाचवायला. छिन्न मनाची कहाणी शोधणाऱ्यांनी ती १८८९च्या चित्रांत जरूर शोधावी. पॅरिसच्या चित्रांत प्रामुख्यानं रंगांचा सराव आहे.

ओळख हाच चित्राचा उघड विषय झाला तो विसाव्या शतकात, आणि तिथे मेक्सिकोची फ्रिडा काहलो व आपली अमृता शेर-गिल यांना शेजारी ठेवणं मला सगळ्यात फलदायी वाटतं. काहलोचा जन्म १९०७चा, शेर-गिलचा १९१३चा. काहलोचे वडील जर्मनीतून आलेले छायाचित्रकार, आई मेक्सिकन. शेर-गिलचे वडील उमराव सिंग पंजाबचे शीख सरदार, आई हंगेरियन, जन्म बुडापेस्टमधला. दोघींच्या घरातच दोन जगं होती.

काहलो अठरा वर्षांची असताना, सप्टेंबर १९२५मध्ये, तिची बस ट्रामला धडकली. पाठीचा कणा, कंबर, पाय मोडले. अंथरुणाच्या छताला आरसा लावून घेऊन ती रंगवू लागली. ही गोष्ट खरी आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे. पण १९२६चं तिचं पहिलं महत्त्वाचं आत्मचित्र वेदनेचं नाही. मखमली पोशाखातली लांब मानेची देखणी मुलगी त्यात आहे आणि ते तिनं दुरावलेल्या प्रियकराला भेट दिलं, त्यानं परत यावं म्हणून. पुढेही तिची किती तरी आत्मचित्रं कुणाला तरी उद्देशून आहेत. १९३७चं एक लिओन ट्रॉट्स्कीला, १९४०चं एक तिच्या डॉक्टरांना, आणि अर्पण केल्याचा मजकूर चित्रातच कागदावर किंवा फितीवर लिहिलेला.

१९३९ला दिएगो रिव्हेराशी घटस्फोट झाला आणि तिनं ‘दोन फ्रिडा’ रंगवलं. जवळजवळ पावणेदोन मीटर लांब-रुंद चौरस कॅनव्हास, तिच्या नेहमीच्या लहान चित्रांच्या मानानं अवाढव्य. दोघी हातात हात घालून बाकावर बसल्यात. एकीच्या अंगावर युरोपीय धाटणीचा पांढरा पोशाख, हातात शस्त्रक्रियेचा चिमटा, तुटलेल्या रक्तवाहिनीतून मांडीवर रक्त ठिबकतंय. दुसरी तेउआना पोशाखात आहे, हृदय अखंड, हातात लहानग्या दिएगोची तसबीर. हा पोशाख दक्षिणेकडच्या तेउआन्तेपेकच्या बायकांचा. काहलो वाढली मेक्सिको शहरालगतच्या कोयोआकानमध्ये. तो तिनं निवडला होता. जन्मसालही ती १९०७ऐवजी १९१० सांगायची, म्हणजे मेक्सिकन क्रांतीचं साल. ‘ओळखीची नोंद’ म्हणताना नोंद करणाऱ्यानं तपशील बदललेत हे विसरून चालत नाही. बदललेला तपशील हाच इथे हेतूचा पुरावा आहे. आणि हे मोठं चित्र तिजोरीत ठेवण्यासाठी नव्हतं. १९४०च्या जानेवारीत मेक्सिको शहरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय अतिवास्तववादी प्रदर्शनात ते टांगलं गेलं. म्हणजे पांढऱ्या पोशाखावरचं रक्त शहराच्या कलाजगतानं बघावं, अशीच त्याची जागा होती.

शेर-गिलनं उसना घेतलेला पेहराव आणखी दूरचा. १९२९ला ती शिकायला पॅरिसला गेली. तिथल्या पाच-सहा वर्षांत तिनं स्वतःला पुष्कळ वेळा रंगवलं. कधी हसरी, कधी ऐटबाज, कधी नुसती मॉडेल म्हणून बसलेली. १९३४च्या चित्राचं नाव आहे ‘ताहितीची स्त्री म्हणून आत्मचित्र’. उघडं शरीर, हात पुढे एकमेकांवर धरलेले, केस मागे बांधलेले, नजर पाहणाऱ्याकडे न बघता बाजूला. मागे एका पुरुषाची गडद सावली पडलेली आहे. ताहिती बेटांवर ती कधी गेली नव्हती. तिथल्या बायका पॉल गोगँनं रंगवल्या होत्या आणि पॅरिसला पूर्वेकडची सावळी स्त्री म्हटलं की तीच चित्रं आठवत. शेर-गिल तिथे वर्गात, प्रदर्शनात ‘पौर्वात्य’ म्हणूनच पाहिली जात होती. तिनं गोगँच्या मॉडेलची जागा घेतली, पण ब्रश स्वतःच्या हातात ठेवला. ती सावली बघणाऱ्या पुरुषाची आहे, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. मला तो पटतो, कारण चित्रातली स्त्री त्या सावलीच्या पुढे उभी आहे आणि तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

आता या दोघींची ड्यूररशी तुलना करता येते आणि ती शतकांच्या शिडीपेक्षा वेगळी निघते. तिघांनीही आपला नसलेला वेश घेतला. ड्यूररनं ख्रिस्ताचा घेतला, कारण तो त्याच्या जगात सर्वांत वरचा होता आणि त्याला वर चढायचं होतं. काहलोनं तेउआनाचा घेतला तो आपल्या देशातला मूळचा म्हणून, युरोपला वजा करण्यासाठी. शेर-गिलनं मात्र दुसऱ्यानं तिच्यासाठी आधीच ठरवून ठेवलेला वेश घेतला आणि तो अंगावर कसा बसतो ते दाखवलं. रेम्ब्रांटचे शंभर वर्षं जुने कपडे या रांगेत ड्यूररच्या बाजूला बसतात. व्हॅन गॉग या रांगेत येतच नाही, आणि त्याला ओढूनताणून आणू नये.

१९३४च्या अखेरीस शेर-गिल भारतात परतली आणि तिची आत्मचित्रं बघता बघता आटली. पहाडी गावांतली माणसं, बायका, मुलं कॅनव्हासवर आली. १९३६च्या शेवटी ती मुंबईला आली, तिथून अजिंठा आणि वेरूळ बघून दक्षिणेत गेली. १९३७ला बॉम्बे आर्ट सोसायटीनं तिच्या तीन मुलींच्या चित्राला सुवर्णपदक दिलं. अजिंठ्याच्या भिंतींवरचे सपाट, मातकट रंग आणि भरीव आकार दक्षिणेतल्या तिच्या चित्रांत स्पष्ट दिसतात. त्याच वर्षीचं ‘नववधूचा शृंगार’ हे त्यांतलं एक. १९४१ला लाहोरमध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती गेली.

ज्या चित्रकर्तीनं पॅरिसमध्ये स्वतःला इतक्या वेळा रंगवलं, तिला भारतात आल्यावर आरसा का लागेनासा झाला, यावर निबंधाचा सगळ्यात चांगला परिच्छेद लिहिता येईल असं मला वाटतं. पॅरिसमध्ये तिला रोज विचारलं जात होतं, तू कोण. इथे तो प्रश्न तिनं दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर ठेवला, असं म्हणता येईल. किंवा साधं कारणही असू शकतं, की इथे तिला मॉडेल भरपूर मिळाली. व्हॅन गॉगची अडचण तिला उरली नाही. दोन्ही शक्यता लिहाव्यात आणि कुठली का पटते ते चित्रं शेजारी ठेवून दाखवावं. ताहितीच्या वेशातलं आत्मचित्र किरण नाडर संग्रहालयाकडे आहे, ‘नववधूचा शृंगार’ राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे. दोन्ही दिल्लीत.